धागा: अंडं न खाणाऱ्या गरोदर बाईचं कोलीन कसं भरून काढायचं? (इंदूर, तेरावा आठवडा)

ओंकार_सुदामानगर
नमस्कार मंडळी. बायकोला तेरावा आठवडा चालू आहे. घरात अंडं येत नाही आणि ती बाहेरही खात नाही. फॉलिक अॅसिड, लोह, कॅल्शियम वेळेवर चालू आहे. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी जाता जाता विचारलं, "कोलीन पोटात जातंय का?" नंतर घरी येऊन गोळ्यांची पाकिटं पाहिली, तर एकातही कोलीन नाही. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. खरंच किती लागतं, आपल्या जेवणातून किती मिळतं आणि वेगळी गोळी घ्यावी का.

तिचा परवाचा दिवस स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून लिहितो. सकाळी पोहे ५० ग्रॅम, त्यात दाणे १० ग्रॅम. दिवसभरात दोन चहा, मिळून १०० मिली दूध. दुपारी तीन पोळ्या (पोळीला ३० ग्रॅम कणीक), वरण २५ ग्रॅम तूरडाळीचं, भेंडी साधारण ९० ग्रॅम, मूठभर भात, वाटीभर दही (१०० ग्रॅम). संध्याकाळी एक केळं आणि चार बिस्किटं. रात्री दोन पोळ्या, बटाटा-मटार. झोपताना २०० मिली दूध. मळमळ आता बरीच कमी आहे, पण एका वेळी जास्त जात नाही.

निमाडकर
हे कोलीनचं औषध आमच्या वडिलांना अर्धांगवायूनंतर दिलं होतं, दिवसाला दोनदा, ५०० ची गोळी. मेंदूसाठी चांगलं आहे. मेडिकलवर सहज मिळतं. गरोदरपणात चालेल का ते मात्र विचारून घ्या.

शर्वरी_आहार
निमाडकर काका, वडिलांना दिलं होतं ते सिटिकोलीन. नावात कोलीन असलं तरी ते मेंदूच्या झटक्यानंतर द्यायचं औषध आहे आणि त्यात वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपासच कोलीन असतं. ओंकार, दुकानदार "कोलीन हेच" म्हणून ते पुढे सरकवू शकतो, तर घेऊ नका. गरोदरपणात आहारातली तूट भरायला ते वापरत नाहीत.

आता तुमचा दिवस. आकडे अमेरिकी कृषी खात्याच्या अन्नतक्त्यावरून घेतले आहेत, त्यामुळे दहा-वीस टक्के इकडेतिकडे धरा. दुधात १०० मिलीला साधारण १४ मिग्रॅ कोलीन असतं. चहातलं दूध १४, झोपतानाचं २८, दही १५. म्हणजे दूधदुभत्यातून ५७. पाच पोळ्यांची कणीक १५० ग्रॅम, त्यातून ४७. वरणातून २२. बटाटा-मटारातून १९, भेंडीतून ११. पोहे आणि दाणे मिळून ८. केळं आणि बिस्किटं १३. भात २, पांढऱ्या तांदळात जवळपास काही नसतंच. बेरीज १७९, आपण १८० म्हणू.

गरोदर बाईसाठी अमेरिकेत ४५० मिग्रॅ सांगितलं आहे (१९९८ साली ठरलेला आकडा), युरोपात ४८०. तुम्ही निम्म्याच्याही खाली आहात. यात बायकोचं काही चुकलेलं नाही. अंडं आणि मांस नसलेल्या चांगल्या घरगुती जेवणाचीही बेरीज बहुधा अशीच येते.

ओंकार_सुदामानगर
१८०! म्हणजे पहिले तीन महिने बाळाला काही मिळालंच नाही का? ती आता हाच प्रश्न विचारत बसली आहे.

शर्वरी_आहार
तसं अजिबात नाही. आधी तो ४५० चा आकडा कुठून आला ते सांगते, म्हणजे तिची धास्ती कमी होईल. तो "यापेक्षा कमी म्हणजे आजार" असा आकडा नाही. प्रौढांसाठीचा मूळ आकडा मुख्यत्वे पुरुषांवरच्या एका प्रयोगावरून काढला. आहारातून कोलीन काढून टाकलं तेव्हा यकृताचा एन्झाइम रक्तात वाढला, त्यावरून किती पुरेसं ते अंदाजाने ठरवलं. गरोदरपणासाठी त्यात बाळाच्या वाढीचा वाटा मिळवला. नीट पायऱ्यांनी केलेली शिफारस नसल्याने त्याला "पुरेसं सेवन" एवढंच म्हणतात.

दुसरं म्हणजे यकृत स्वतःही थोडं कोलीन बनवतं. ते बनवणारं एन्झाइम इस्ट्रोजेनमुळे जोरात चालतं आणि गरोदरपणात इस्ट्रोजेन भरपूर असतं. शिवाय नाळ आईच्या रक्तातलं कोलीन ओढून बाळाकडे नेते, बाळाच्या रक्तात ते आईपेक्षा कितीतरी जास्त असतं. म्हणजे आईचा साठा कमी पडला तरी बाळाचा वाटा आधी जातो, ताण आईच्या यकृतावर येतो. मात्र काही बायकांच्या जनुकात असा फरक असतो की हे एन्झाइम इस्ट्रोजेनला नीट दाद देत नाही. त्यांना बाहेरून जास्त लागतं. कोण त्यातली आहे हे बघून कळत नाही.

बीट_आणि_बटाटा
सगळे एक गोष्ट विसरताय. कोलीनचं शरीरात पुढे बीटेन होतं आणि बीटेनचा साठा बीट, पालक आणि गव्हाच्या कोंड्यात असतो. म्हणजे बीटाची कोशिंबीर आणि पालकाची भाजी रोज दिली की कोलीनची गरजच भागते. स्वस्त, शाकाहारी, वर लोहही.

शर्वरी_आहार
अर्धं बरोबर आहे. कोलीनची दोन मोठी कामं आहेत. एक, मिथाइल गट देणं, म्हणजे होमोसिस्टीनला परत मेथिओनीन करायला मदत. इथे बीटेन कोलीनचा भार नक्की हलका करतं. दुसरं, पेशींच्या पडद्याचं फॉस्फॅटिडिलकोलीन बनवणं आणि मेंदूतला अॅसिटिलकोलीन बनवणं. इथे बीटेनचा उपयोग नाही, कारण कोलीनचं बीटेन झालं की परत कोलीन होत नाही, तो रस्ता एकाच दिशेचा आहे. आणि वाढत्या बाळाला नव्या पेशींचे पडदेच तर हवेत. पालक-बीट द्या, पण ते कोलीनच्या हिशोबात ४५० म्हणून धरू नका.

बीट_आणि_बटाटा
एकदिशी रस्त्याचं लक्षात नव्हतं आलं. मग बीटेन जास्त असेल तर तेवढं कोलीन पडद्यासाठी शिल्लक राहील ना? म्हणजे थोडा फायदा तरी धरता येईल?

शर्वरी_आहार
तर्क बरोबर आहे, आणि थोडी बचत होतही असावी. पण बीटाच्या वाटीमागे किती मिग्रॅ कोलीन वाचलं असं मोजून सांगता येईल इतकं पक्कं काही माझ्या हातात नाही, म्हणून मी हिशोबात शून्य धरते.

सोयादाणा
इंदूरला बसून कोलीनचा धागा आणि अजून सोयाबीनचं नावही नाही! आपल्याच शहरात राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्था आहे आणि शाकाहारात रोज खाता येईल असा कोलीनचा सगळ्यात भक्कम दाणा हाच आहे. भाजलेल्या सोयाबीनमध्ये १०० ग्रॅमला सुमारे १२४ मिग्रॅ. ४० ग्रॅम, म्हणजे दोन छोट्या मुठी, यातून ५० मिग्रॅ. यासाठी किती दूध लागेल ते बघा: साडेतीनशे मिली.

पण तयारी नीट हवी. सोयाबीन निवडून धुवा. पातेल्यात पाणी आधी खळखळ उकळू द्या आणि मग त्यात दाणे टाका, २५-३० मिनिटं उकळा. नळाच्या गार पाण्यात भिजवून मग वाटलं किंवा ठेचलं, तर दाण्यातलं लायपॉक्सिजनेज पाणी आणि हवेशी भिडून तोच कच्चा, गवतासारखा वास येतो, ज्यामुळे बायका पुन्हा सोयाबीनचं नाव घेत नाहीत. दाणा फुटायच्या आधी उकळतं पाणी लागलं की तो एन्झाइम मरतो. मग निथळून, फडक्यावर कोरडे करून मंद आचेवर कढईत दहा-पंधरा मिनिटं भाजा. दाणा चावून बघा: मधे ओलसर, कच्चट लागला तर अजून भाजा. ट्रिप्सिन रोधक नीट मेला नाही तर प्रथिन पचत नाही, पोट फुगतं, आणि गरोदर बाईला ते नकोच.

उकळलेलं पाणी टाकून दिलं तरी कोलीन फार जात नाही, कारण सोयाबीनमधलं बरंच कोलीन तेलात मिसळणाऱ्या लेसिथिनच्या रूपात असतं, पाण्यात विरघळून जात नाही. फुलकोबीत उलटं आहे, उकळून पाणी ओतलं की काही भाग पाण्याबरोबर जातो.

एक सावधगिरी. सोयाबीनच्या वड्यांवर पूर्ण दाण्याइतका भरवसा ठेवू नका. वडी तेल काढून उरलेल्या पेंडीची असते आणि लेसिथिनचा मोठा भाग तेलाबरोबर निघून जातो. आणि रिफाइंड सोयाबीन तेलात कोलीन शोधायला जाऊ नका, शुद्ध करताना गोंद काढतात त्यातच लेसिथिन जातं.

रंगपंचमी
शुद्ध करताना लेसिथिन निघतं ना, मग तेच लेसिथिन खाल्लं तर? माझ्या बहिणीने "सोया लेसिथिन १२००" च्या कॅप्सूल आणल्या आहेत. १२०० मिग्रॅ म्हणजे ४५० च्या जवळपास तिप्पट. ओंकारदादा, तुम्हाला गोळीसाठी एवढं डोकं खाजवायची गरज नाही.

शर्वरी_आहार
अहो ताई, इथेच बहुतेक जण फसतात. कॅप्सूलमध्ये १२०० मिग्रॅ लेसिथिन आहे, कोलीन नाही. लेसिथिनमध्ये फॉस्फॅटिडिलकोलीन साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे ४०० मिग्रॅच्या आसपास. आणि फॉस्फॅटिडिलकोलीनच्या वजनात कोलीन आहे सुमारे १३ टक्के. म्हणजे हातात आलं ५० मिग्रॅ. एका कॅप्सूलमधून तेवढंच, जेवढं सोयादाणा यांच्या दोन मुठी दाण्यांतून. वाईट नाही, पण ४५० साठी नऊ कॅप्सूल लागतील.

लेबल वाचायची पद्धत सांगते. पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते सोडा, मागची पोषण माहिती बघा. "कोलीन" असा स्वतंत्र आकडा असेल तर तो घ्या. नुसतं "कोलीन बायटार्ट्रेट ५०० मिग्रॅ" लिहिलं असेल तर त्यात कोलीन ४१ टक्के, म्हणजे २०५. दोन्ही लिहिलं असेल आणि आकडे जुळत नसतील, तर ती बाटली दुकानात परत ठेवा. आणि भारतात विकत असलेल्या पूरकावर १४ आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक असायला हवा.

दीपाली_डॉ
स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून थोडी भर घालते, कारण हा प्रश्न ओपीडीत रोज येत नाही पण यायला हवा.

ओंकार, तेराव्या आठवड्यात आहात म्हणून सांगते. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतो ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. त्यामुळे ते दार आता बंद आहे, तिथे मागे वळून बघत बसू नका. फॉलिक अॅसिड वेळेवर होतं, मुख्य काम त्याने केलं. पुढचे सहा महिने मेंदू वाढतो, तिथे कोलीनला काम आहे.

पुरावा किती? कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१८ च्या छोट्या प्रयोगात तिसऱ्या तिमाहीत एका गटाला दिवसाला ४८० आणि दुसऱ्याला ९३० मिग्रॅ दिलं. जास्त घेतलेल्या आयांची बाळं पहिल्या वर्षात समोर आलेल्या गोष्टीकडे अधिक चटकन बघत होती. पण त्यात होत्या अवघ्या २६ बायका. त्याआधी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात फॉस्फॅटिडिलकोलीन देऊनही दहा-बारा महिन्यांच्या बाळांच्या आकलनात फरक दिसला नाही. म्हणून ९३० चं लक्ष्य प्रत्येकीला लावावं असं मी म्हणणार नाही. ४५० पर्यंत आणणं मला वाजवी वाटतं, कारण तिथपर्यंत धोका जवळजवळ नाही आणि शाकाहारी आईची तूट खरी असते.

आणि रक्ततपासणीचा विचार कोणाच्या मनात असेल तर नका करू. रक्तातली कोलीनची पातळी शरीर घट्ट धरून ठेवतं, कमी खाणारीचाही आकडा ठीकच दिसू शकतो. जेवणाचा हिशोबच खरा.

ओंकार_सुदामानगर
खूप आभार. आम्ही नवीन दिवस मांडला. पाऊस चालू आहे, फुलकोबी अजून चांगली येत नाही. पण भुट्टे उत्तम येताहेत, म्हणून संध्याकाळी बिस्किटांऐवजी भुट्ट्याचा कीस: १५० ग्रॅम दाणे, १०० मिली दूध. रात्री बटाट्याऐवजी ४० ग्रॅम हरभऱ्याची उसळ. वरण २५ वरून ४० ग्रॅम डाळीचं, म्हणजे जरा घट्ट. सकाळी जास्तीचं एक ग्लास दूध. आणि भाजलेलं सोयाबीन ४० ग्रॅम, दोन वेळा मिळून. शर्वरीताई, तपासून देता का?

शर्वरी_आहार
चांगलं मांडलंय. कीस म्हणजे मक्यातून ३५ आणि दुधातून १४, बिस्किटं गेल्याने ३ वजा, म्हणून वाढ ४६. हरभरा ४० ग्रॅमचे ४०, बटाटा-मटाराचे १९ वजा केले की २१. वरणातून १३, दुधातून २८, सोयाबीनमधून ५०. एकूण वाढ १५८. आधीचे १८० धरून ३३८.

म्हणजे अजून ११० कमी. एवढं जेवणातून ओढायला अजून दूध, अजून सोयाबीन द्यावं लागेल, आणि ती एका वेळी जास्त खात नाही असं तुम्हीच सांगता. माझ्या मते गोळीची जागा नेमकी इथे आहे. जेवणाची जागा घेणारी गोळी नको, जेवण सुधारूनही उरलेली ११० ची फट भरणारी हवी. २५० मिग्रॅ बायटार्ट्रेट म्हणजे १०० कोलीन. मिळालं नाही तर ५०० ची एक, म्हणजे २०५, बेरीज ५४३ च्या आसपास. मोठ्यांसाठी वरची मर्यादा ३५०० आहे, त्याच्या तुम्ही फार खाली राहता.

राऊ_पिपल्याना
मी एक विचारतो. घरात अंडं येत नाही हे ठीक, पण उकडलेलं अंडं औषध म्हणून चालणाऱ्या बायका आपल्याकडे खूप आहेत. त्यांना काय सांगणार? गोळीपेक्षा अंडं बरं ना?

शर्वरी_आहार
चालत असेल तर हो, सगळ्यात सोपं तेच. आपल्याकडच्या साधारण ५० ग्रॅमच्या अंड्यात १२५ मिग्रॅच्या आसपास कोलीन असतं आणि जवळजवळ सगळं पिवळ्या बलकात. पांढरं खाऊन बलक टाकला तर काही उपयोग नाही. गरोदरपणात पूर्ण शिजलेलं खावं, बलक ओघळता नको. ओंकारच्या घरी ते नाही, म्हणून मी तिकडे गेले नाही. ज्या घरी नाही तिथे रोज "अंडं का नाही" विचारण्याने कोलीन मिळत नाही.

रंगपंचमी
माझ्या लेसिथिनच्या उत्तराबद्दल आभार, बहिणीला सांगितलं. तिने विचारलंय की बाटलीतल्या बायटार्ट्रेटच्या कॅप्सूल आता गठ्ठा होऊन चिकटताहेत, खराब झाल्या का? आणि घेतल्यावर अंगाला मासळीसारखा वास येतो का?

सोयादाणा
बायटार्ट्रेट हवेतली ओल पटकन ओढतं. पावसाळ्यात इंदूरच्या स्वयंपाकघरात झाकण सैल राहिलं की पूड ओली होते, कॅप्सूल मऊ पडतात आणि चिकटतात. म्हणून बाटलीतली ओल शोषणारी पुडी काढून टाकू नये, बाटली फ्रिजच्या दारात न ठेवता कोरड्या कपाटात ठेवावी, आणि रोजच्या डब्यात महिनाभराच्या कॅप्सूल काढून ठेवू नयेत. आतली पूड ओली झालेली असेल तर मी त्या घेणार नाही.

दीपाली_डॉ
वासाबद्दल: न पचलेलं कोलीन मोठ्या आतड्यात गेलं की तिथले जीवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमीन करतात, त्याला मासळीचा वास असतो. यकृत ते पुढे बदलून बिनवासाचं करतं. १००-२०० च्या मात्रेत बहुतेक बायकांना वास येत नाही. हजारांत गेलं की येतो, आणि क्वचित काही जणींचं यकृत जन्मतःच हे नीट करत नाही, त्यांना कमी मात्रेतही येतो. असं दिसलं तर गोळी बंद करून सांगा, अंग धूत बसू नका.

पोटात मळमळ वाढत असेल तर जेवणाबरोबरच घ्या, रिकाम्या पोटी नाही, आणि लोहाच्या गोळीबरोबर एकाच घोटात नको, दोघांनी मिळून पोट बिघडवायला नको.

अजून एक, आणि हे ओंकारच्या बायकोला लागू असेल तर फार महत्त्वाचं. थायरॉइडची गोळी चालू आहे का? असेल तर सोयाबीन त्या गोळीच्या शोषणात अडथळा आणतं. सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन, आणि सोयाबीन त्यानंतर चार तासांनी. लोह आणि कॅल्शियमलाही हाच नियम. नव्याने रोज ४० ग्रॅम सोयाबीन सुरू केलं की पुढच्या टीएसएचच्या वेळी डॉक्टरांना सांगा.

ओंकार_सुदामानगर
हो, थायरॉक्सिन ५० चालू आहे, सकाळी सहाला. नाश्ता नऊला. म्हणजे सोयाबीन सकाळी नको, दुपारी आणि संध्याकाळीच.

दीपाली_डॉ
बरोबर. सकाळचं जास्तीचं दूधही चहाबरोबर थोडं उशिरा करा, त्यात कॅल्शियम आहे. आणि बी-१२ मोजलंय का? शाकाहारी घरात हे कमी असतंच बऱ्याचदा. बी-१२ कमी असलं की होमोसिस्टीन परत फिरवायचं मुख्य यंत्र मंदावतं आणि ते काम कोलीनच्या बीटेनवर पडतं. म्हणजे कोलीन जास्त खर्च होतं. आधी बी-१२ ठीक करा, मग कोलीनचा हिशोब खरा धरता येईल.

राऊ_पिपल्याना
उपासाच्या दिवसाचं काय? आमच्या घरी श्रावण सोमवार आणि एकादशी पाळतात. गरोदर बाईला साबुदाण्याची खिचडी मिळते, बाकी काही नाही.

शर्वरी_आहार
गरोदर बाईने उपास करू नये असंच मी म्हणेन. पण जिथे करतातच, तिथे एवढं समजावं की साबुदाणा जवळजवळ नुसता स्टार्च आहे, त्यात कोलीन नाहीच म्हणा. त्या दिवशीचं कोलीन खिचडीतल्या दाण्यांवर आणि दुधावर उभं असतं. ५० ग्रॅम दाण्यांतून साधारण २७, अर्धा लिटर दुधातून ७०, वाटीभर दह्यातून १५, बटाट्यातून १०-१५. एकूण १२५ च्या आसपास. डाळ, पोळी आणि सोयाबीन त्या दिवशी नसतं. म्हणून उपासाच्या दिवशी निदान दूध आणि दही कमी होऊ देऊ नका, आणि गोळी घेत असाल तर त्या दिवशी ती चुकवू नका.

बीट_आणि_बटाटा
बाळंतपणानंतर हे सगळं बंद करायचं का?

शर्वरी_आहार
उलट तेव्हा गरज वाढते. अमेरिकेचा आकडा अंगावर पाजणाऱ्या आईसाठी ५५० आहे, कारण दुधातून बाळाकडे कोलीन जातं. आणि नेमकी त्याच वेळी बाळंतिणीचं जेवण आवरतं: डाळी वातूळ म्हणून बंद, फुलकोबी बंद. डिंक, तूप, गूळ, खोबरं भरपूर चालू होतं, पण त्यांतून कोलीन फारसं मिळत नाही. सोयाबीन भाजून दळलेलं पीठ लाडवात घालता येतं. लाडवात ८ ग्रॅम पीठ असेल तर त्यातून १० मिग्रॅ. एकट्या लाडवाने भागणार नाही, पण दिवसाला दोन लाडू आणि तीन ग्लास दूध ही सुरुवात होते.

दीपाली_डॉ
इथे मी शर्वरीशी थोडी वेगळी आहे. पाजणाऱ्या आईला ५५० ला पोचवायला मी गोळी द्यायला लवकर तयार होईन, गरोदरपणापेक्षाही, कारण त्या आठवड्यांत जेवणावर घरच्या मंडळींचा ताबा असतो आणि सांगून लवकर काही बदलत नाही.

शर्वरी_आहार
मान्य आहे की घरात बदल कठीण असतो. पण पहिल्या पंधरवड्यात आईला नुसती भूकच लागत नसते, झोप नसते, तेव्हा गोळी गिळून बेरीज पूर्ण करण्यापेक्षा मी वाटीभर मुगाचं वरण परत चालू करून घेईन. माझ्या हाताखालच्या घरांत ते बऱ्याचदा जमतं, नेहमी नाही.

ओंकार_सुदामानगर
बी-१२ चा रिपोर्ट जुना आहे, सहा महिन्यांपूर्वीचा, तेव्हा कमी होतं आणि गोळी चालू केली होती. परवा परत करून घेतो. ५०० ची बायटार्ट्रेट दाखवून डॉक्टरांचा होकार आल्यावरच सुरू करू. सोयाबीन पहिल्यांदा भाजलं, २५ मिनिटं उकळूनही मधले दोन-चार दाणे कच्चट लागले. सोयादाणा, दाणा जुना असेल तर असं होतं का?

सोयादाणा
जुना, कोरडा पडलेला दाणा आतपर्यंत पाणी ओढत नाही, हो. त्याला ३५-४० मिनिटं लागतात. पातेल्यात दाणे एकावर एक भरले असतील तरी तसंच होतं, १०० ग्रॅमला निदान अर्धा लिटर पाणी घ्या. उकळी मोडू नये म्हणून दाणे एकदम न ओतता मुठीमुठीने सोडा. कच्चट लागलेले दाणे बाजूला काढून परत भाजा, तिला देऊ नका.